एका बाथरूमचे नऊ फोटो आणि खर्चाचा खरा आकडा

पहिला फोटो मी खालच्या घरात काढला. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या छताला बशीएवढा पिवळट डाग होता, कडेने रंगाचे पोपडे सुटलेले आणि मधोमध एक थेंब लोंबत होता. गळती तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या बाथरूममधून होती. काकूंनी मला बोलावलं तेव्हा आधी स्वतःचं बाथरूम दाखवलं. टाइल्स फिकट झालेल्या होत्या, एक-दोन तडकलेल्या होत्या, पण तिथे काही बिघडलंय असं नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हतं. बिघाड दिसायचा तो खाली.

मी पुण्यात घरांच्या दुरुस्तीची कामं घेतो. जुन्या सोसायट्यांमधली बाथरूम हे माझं मुख्य काम. 2025 च्या मार्चमध्ये माझी भाची म्हणाली, "मामा, कामाचं एक कॅरोसेल करू. आधी, चालू असताना आणि नंतर. आणि शेवटी खर्च लिहू, खरा." इन्स्टाग्रामवर एकापुढे एक सरकवत बघायची फोटोंची माळ म्हणजे कॅरोसेल, हे मला ठाऊक होतं. फोटोंचं मला काही वाटलं नाही. खर्च लिहायचा म्हटल्यावर मी थबकलो. आमच्या धंद्यात आकडा फोनवरही कोणी सांगत नाही, "साइट बघून सांगतो" एवढंच म्हणतात. पण साइट बघूनही मी जो आकडा देतो तो अनेकदा वाढतो, आणि का वाढला हे गिऱ्हाइकाला शेवटी समजावताना माझीच दमछाक होते. ते आधीच, चित्रासकट समजावून ठेवता येईल असं वाटलं म्हणून हो म्हणालो. काकूंचं काम एप्रिलमध्ये सुरू होणार होतं, तेच निवडलं.

काकूंची परवानगी आधी घेतली. त्या म्हणाल्या, "आकडे खुशाल लिहा, दुसऱ्या कुणाला उपयोग होईल. पण दारावरची पाटी आणि सोसायटीचं नाव नको." खालच्या आजींनाही विचारलं, कारण छत त्यांचं.

"आधीचा" फोटो काढायची आमची सवय वाईट असते, हे मला या कामात कळलं. आपण तो घाईत काढतो, ट्यूबलाइट बंद, बादल्या-मग तसेच, कोपऱ्यात ओलं फडकं. आणि "नंतरचा" काढताना दिवे लावून, रुंद लेन्स वापरून, दारात पाठ टेकवून. रुंद लेन्सने पाच फुटांची भिंत आठ फुटांची वाटते. भाचीने दाराच्या चौकटीवर पेन्सिलने साडेचार फुटांवर खूण केली आणि ठरवून टाकलं की फोन याच खुणेला टेकवायचा, साधी लेन्स, दिवा लावलेला, सकाळी अकराच्या सुमारास, दोन्ही वेळेला. बादल्या बाहेर काढून ठेवल्या. त्या फोटोत काकूंचं जुनं बाथरूम खरोखर होतं तितकंच जुनं दिसलं, त्याहून वाईट नाही.

बाथरूम पाच फूट बाय सात फूट, म्हणजे पस्तीस चौरस फूट. इमारत नव्वदच्या दशकातली, लिफ्ट नाही. मी काकूंना लेखी अंदाज दिला होता एक लाख अडतीस हजारांचा.

तोडफोड दोन दिवस चालली. भिंतीच्या टाइल्स निघाल्या, मागचं प्लास्टर निघालं, मग जमीन. जुन्या बाथरूमच्या जमिनीखाली स्लॅब नऊ-दहा इंच खाली बसवलेला असतो. त्याला आम्ही संक म्हणतो. त्या खड्ड्यातून पाइप जातात आणि वरून विटांचे तुकडे आणि सिमेंट भरून कोबा केलेला असतो. काकूंच्या संकमधला कोबा फोडला तेव्हा वरचा थर कोरडा, पण चार इंचांखाली विटा हाताला गार आणि ओल्या लागत होत्या. मुठीत दाबली तर वीट चुरा होत होती. म्हणजे पाणी रोजच्या रोज आत झिरपून वर्षानुवर्षं तिथेच साचलेलं होतं. हा आमचा तिसरा फोटो: माझ्या तळहातावर ओल्या विटेचा तुकडा. त्याखाली एकच ओळ लिहिली: "टाइल्सच्या फटीत पांढरं सिमेंट भरून ही ओल जात नाही." काकूंनी आधीच्या तीन वर्षांत दोनदा तेच करून घेतलं होतं आणि दोन्ही वेळा चार-पाच महिन्यांत आजींच्या छताचा डाग परत आला होता.

राडारोड्याचा फोटो भाचीने हट्टाने घेतला. मला वाटलं होतं, पोत्यांच्या रांगेत काय बघायचंय. चौऱ्याऐंशी पोती निघाली, प्रत्येकी पंचवीस-तीस किलोची. पस्तीस चौरस फुटांच्या खोलीतून दोन टनांहून जास्त माल बाहेर पडला आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खांद्यावर खाली न्यावा लागला. तोडफोड आणि राडारोडा मिळून सतरा हजार लागले. हे पैसे गिऱ्हाइकाला सगळ्यात जास्त खुपतात, कारण त्याबदल्यात हातात काहीच पडत नाही. पायऱ्यांवरची पोत्यांची रांग बघितल्यावर त्याबद्दल मला आजवर कोणी विचारलेलं नाही.

प्लंबिंगमध्ये पहिली वाढ झाली. भिंतीतले जुने लोखंडी पाइप बदलायचे हे ठरलेलंच होतं. पण इमारतीचे पाइप जातात त्या उभ्या पोकळीतून, म्हणजे डक्टमधून, वर टाकीकडे जाणारी लाइन जिथे काकूंच्या घरात वळते, तो तुकडा आतून गंजाने इतका भरला होता की करंगळी जाईल एवढीच वाट उरली होती. नवे पाइप त्याला जोडले असते तर धार पहिल्यासारखीच बारीक राहिली असती. तो तुकडा बदलायला साडेसात हजार वाढले. मी काम थांबवून काकूंना डक्टच्या खिडकीशी नेलं, कापलेला पाइप हातात दिला, वहीत आकडा लिहिला आणि त्यांची सही घेतली. कापलेल्या पाइपचं तोंड हा चौथा फोटो.

नवे पाइप भिंतीत बसल्यावर, प्लास्टरच्या आधी, आम्ही दाबाचा पंप लावून रात्रभर लाइन तपासली. सकाळी काटा जागेवर होता. त्यानंतर भाचीने सुचवलेलं एक काम मी आता प्रत्येक साइटवर करतो. भिंतीला मोजपट्टी आडवी आणि उभी लावून, कोपऱ्यापासून आणि जमिनीपासून अंतरं वाचता येतील असा चारही भिंतींचा फोटो काढायचा. प्लास्टर झाल्यावर पाइप कुठून गेलाय हे कुणालाच आठवत नाही, मलाही नाही.

यानंतर जे झालं ते लिहायचं की नाही यावर आमची दोघांची बरीच चर्चा झाली.

संक रिकामा करून स्लॅब घासून धुतला, कोपऱ्यांत गोलाई घेतली, भिंतीवर फूटभर चढवून वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले, मध्ये जाळी लावली. ते वाळल्यावर नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जमिनीवरचं पाणी जाळीखालून बाहेर नेणाऱ्या भांड्याच्या, पाइपला बूच मारून संकमध्ये तीन इंच पाणी भरलं. ही तळं करून बघायची परीक्षा अठ्ठेचाळीस तासांची. भिंतीवर खडूने पाण्याची रेघ मारली, बाजूला तारीख आणि वेळ लिहिली आणि शेजारी पाण्याने भरलेली एक बादलीही ठेवली, आतून रेघ मारून. एप्रिलच्या उन्हाळ्यात पाणी नुसतं वाफेनेही थोडं उतरतं, आणि मिस्त्री लोक उतरलेल्या रेघेला "वाफ झाली असेल" म्हणून मोकळे होतात. बादली आणि संक एकाच खोलीत असल्यामुळे वाफ दोन्हीकडे जवळपास सारखी होते. मोठा फरक दिसला तर तो गळतीचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बादलीचं पाणी दोन मिलिमीटर उतरलं होतं. संकचं बारा.

खाली आजींकडे गेलो. छताचा डाग मधोमध नव्हे, तर डक्टच्या भिंतीकडे ओला झाला होता. त्यावरून जागा कळली. ट्रॅपचा पाइप जिथे बाहेरच्या भिंतीतून डक्टमध्ये जातो, तिथे पाइपभोवती भरलेलं सिमेंट पाइपला धरून बसलं नव्हतं. पीव्हीसीचा पाइप गुळगुळीत असतो, त्यावर सिमेंट चिकटत नाही. वाळताना ते किंचित आकसतं आणि पाइपभोवती केसाएवढी फट राहते. पाइप खरवडून घ्यायला हवा होता. माझ्या मिस्त्रीने तो खरवडला नव्हता आणि मी बघितलं नव्हतं, म्हणजे चूक माझी. पाणी उपसलं, पाइपभोवतीचं सिमेंट छन्नीने काढलं, पाइप पॉलिश पेपरने खरखरीत केला, न आकसणारं ग्राउट भरलं, वर जाळीची पट्टी आणि पुन्हा दोन हात. परत पाणी, परत बादली, परत अठ्ठेचाळीस तास. या वेळी दोन्हींचं पाणी सारखंच उतरलं. यात पाच दिवस गेले आणि चार हजार आठशे रुपये. ते काकूंच्या बिलात लावले नाहीत.

भाची म्हणाली, "मामा, हा फोटो टाकला नाही तर बाकीच्या फोटोंवर कोण विश्वास ठेवेल?" मला वाटत होतं की धंद्याचं माणूस आपली चूक असं चव्हाट्यावर मांडत नाही. शेवटी मी स्वतःला एक प्रश्न विचारला: ही परीक्षा न घेता मी टाइल्स लावल्या असत्या तर? चकचकीत फोटो निघाला असता, पैसे मिळाले असते आणि तीन महिन्यांनी आजींचं छत पुन्हा गळलं असतं. तेव्हा उतरलेल्या पाण्याची रेघ आणि शेजारची बादली हा सहावा फोटो झाला. पाचवा मोजपट्टीचा होताच. त्याखाली आम्ही सरळ लिहिलं की पहिली परीक्षा नापास झाली, कारण काय, आणि दुरुस्तीचा खर्च कोणी केला.

पुढचं काम नेहमीचं. ओल्या विटा परत न भरता सिपोरेक्स या सच्छिद्र सिमेंटच्या विटांचे तुकडे भरले, ते हलके असतात. वर कोबा, दारापासून नहाणीपर्यंत साधारण एक इंच उतार, भिंतींना प्लास्टर, टाइल्स. टाइल्सचा हिशेब लोकांना गूढ वाटतो, पण तो सोपा आहे. चार भिंतींचा घेर चोवीस फूट, सात फूट उंचीपर्यंत लावायच्या म्हणजे एकशे अडुसष्ट, त्यातून दार वजा केलं की दीडशे. त्यात जमिनीचे पस्तीस. झाले एकशे पंच्याऐंशी, आणि तुटफुटीसाठी दहा टक्के जास्त म्हणजे साधारण दोनशे पाच चौरस फूट. काकूंनी बासष्ट रुपयांची टाइल निवडली. दाराची चौकट खालून कुजलेली निघाली, तिथे तीन हजार वाढले. आणि काका दुकानात गेले तेव्हा त्यांना वरच्या दर्जाचे नळ आवडले, तिथे सहा.

बिल झालं एक लाख चोपन्न हजार पाचशे. अंदाजापेक्षा साडेसोळा हजार जास्त, आणि ते कुठे गेले ते वर लिहिलंच आहे: पाइप, चौकट, नळ.

आता खर्चाची स्लाइड. पहिल्यांदा मी भाचीला म्हणालो, "लिही, एक ते तीन लाख." ती म्हणाली, "मामा, हा आकडा कोणाला काय सांगतो?" तिचं खरं होतं. असा आकडा देणारा सुरक्षित राहतो आणि वाचणाऱ्याला काही कळत नाही. मग आम्ही दीड वर्षातल्या माझ्या नऊ बाथरूमच्या वह्या काढल्या. सगळी पुण्यातली, पस्तीस ते चाळीस चौरस फुटांची, संकपर्यंत फोडून केलेली. सगळ्यात कमी बिल एक लाख अठ्ठावीस हजार, सगळ्यात जास्त दोन लाख चार हजार. अंतर मोठं वाटलं, म्हणून प्रत्येक बिलाचे दोन भाग केले. एका बाजूला टाइल्स, नळ, कमोड, बेसिन, म्हणजे गिऱ्हाईक दुकानात जाऊन निवडतं ते. दुसऱ्या बाजूला बाकी सगळं: तोडफोड, पाइप, वॉटरप्रूफिंग, कोबा, टाइल्स लावण्याची मजुरी, वीज, दार.

असं केल्यावर चित्र एकदम साफ झालं. टाइल्सच्या आतलं, न दिसणारं काम नऊही ठिकाणी नव्वद हजार ते एक लाख वीस हजारांच्या मध्येच होतं. काकूंचं एक लाख आठशे. वरखाली होत होता तो निवडीचा भाग, पस्तीस हजारांपासून नव्वद हजारांपर्यंत. काकूंचा त्रेपन्न हजार सातशे. म्हणून स्लाइडवर दोन आकडे वेगवेगळे लिहिले आणि खाली त्यांची बेरीज, सव्वा लाख ते दोन लाख दहा हजार. शेजारी काय धरलंय आणि काय नाही तेही: खिडकी बदलणं नाही, खालच्या घराच्या छताचा रंग नाही, आणि दर 2025 च्या उन्हाळ्यातले. न दिसणाऱ्या कामाचा आकडा कशाने वरच्या टोकाला जातो तेही दोन ओळींत: लिफ्ट नसणं आणि फोडल्यावर भिंतीत-डक्टमध्ये सापडणारे कुजके पाइप.

एकाच वाक्यावर मी अडून बसलो. भाचीला प्रति चौरस फूट दर टाकायचा होता, लोक तसंच विचारतात म्हणून. काकूंच्या बिलाला पस्तीसने भागलं तर चार हजार चारशेच्या आसपास येतात. पण चोवीस चौरस फुटांच्या बाथरूमचा मालक त्याने गुणाकार करून एक लाख सहा हजार घेऊन येईल आणि त्याचं काम तेवढ्यात होणार नाही. लहान बाथरूममध्येही कमोड एकच लागतो, ट्रॅप एकच, गीझरची लाइन एकच, प्लंबरचे दिवस जवळपास तेवढेच. कमी होतात त्या टाइल्स आणि थोडा कोबा. बाथरूमला चौरस फुटाचा दर लावणं फसवं आहे, असं आम्ही त्या स्लाइडवर स्पष्ट लिहिलं.

काम मे महिन्याच्या सुरुवातीला संपलं. खुणेला फोन टेकवून "नंतरचा" फोटो काढला. छान आला. भाची त्याच संध्याकाळी पोस्ट टाकायला निघाली होती, मी थांबवलं. गळतीसाठी हाती घेतलेल्या कामाचा शेवटचा फोटो गळती होती तिथलाच हवा, आणि स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी दोन दिवसांत जात नाही. वरून पाणी बंद झाल्यावरही छत कित्येक आठवडे ओलं दिसतं. याच काळात खालचे लोक घाबरून भांडायला येतात, म्हणून मी आजींना आधीच सांगून ठेवलं होतं की डाग लगेच जाणार नाही, पण त्याची कड पुढे सरकता कामा नये. डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहिली. दर पंधरा दिवसांनी जाऊन बघत होतो. जूनच्या मध्यापर्यंत मधला भाग कोरडा झाला. जुलैत पाऊस लागला तेव्हा मला धाकधूक होती, कारण बाहेरची भिंत भिजली की तिथूनही ओल येते आणि दोष बाथरूमवर येतो. पण डाग रेघेच्या आतच राहिला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पोपडे खरवडले तर आतलं प्लास्टर हाताला कोरडं लागलं. तो नववा फोटो. पहिल्या फोटोतलीच जागा, पेन्सिलची रेघ आणि दोन तारखांसकट.

त्यानंतर पोस्ट टाकली. आलेल्या फोनांत एक बदल जाणवला. पूर्वी पहिला प्रश्न "किती लागतील?" असायचा. आता बरेच जण सांगतात, "निवडीचे आम्ही साठ धरलेत, आतल्या कामाचं तुम्ही बघून सांगा." काहींनी हेही सांगितलं की एवढं बजेट नाही, आणि ते साइट बघायला जायच्या आधीच कळल्यामुळे दोघांचाही दिवस वाचला.

सप्टेंबरमध्ये काकांचा फोन आला. त्यांना कमोडशेजारी धरायला दांडी बसवायची होती, गुडघे दुखतात म्हणून. ड्रिलवाला दारात उभा होता आणि भोक कुठे पाडायचं ते विचारत होता. काका म्हणाले, "तुमचा पाचवा फोटो उघडून बसलोय. कोपऱ्यापासून एकवीस इंचांवर पाइप दिसतोय. सव्वीसवर मारू का?" मी माझ्या फोनवर तोच फोटो काढला, मोजपट्टीवरचा आकडा मोठा करून बघितला आणि मारा म्हणालो.